राबते शब्द आणि त्यांची फोड: चांगल्या मराठीकडून नेमक्या मराठीकडे

प्रश्न: मी मूळचा कानपूरकडचा, मातृभाषा हिंदी. आठ वर्षांपासून जळगाव जिल्ह्यात बँकेत शेतीकर्जाचं काम बघतो. मराठी बोलतो, वाचतो, पाहणीचे अहवालही मराठीत लिहितो. कुणाला समजायला अडचण येत नाही. पण सहकारी म्हणतात, "बरोबर आहे साहेब, पण आम्ही असं म्हणत नाही." दोन-तीन वर्षांपासून मी तिथेच अडकलोय. नवीन शब्द पाठ करून फरक पडत नाही. नेमका शब्द सुचावा यासाठी काय करू?

उत्तर:

सगळ्यात आधी शब्दांच्या याद्या पाठ करणं थांबवा. तुमच्या पातळीवर शब्द कमी पडत नाहीत. मोजक्या शब्दांवर फार काम पडतं, ही खरी अडचण आहे. मी अमराठी अधिकाऱ्यांना, व्यापाऱ्यांना आणि शिक्षकांना मराठी शिकवत आलो आहे. जो माणूस चांगलं बोलतो पण पुढे सरकत नाही, त्याच्या लिखाणात मला नेहमी तेच दिसतं: वीस-पंचवीस क्रियापदं सगळा भार वाहत असतात. त्यांना मी राबते शब्द म्हणतो. करणे, होणे, लागणे, चालणे, सुकणे, तोडणे, पडणे ही त्यातली ठळक. मराठी माणूस जिथे चार वेगळी क्रियापदं वापरतो, तिथे तुम्ही एकावर भागवता आणि तुमचं भागतंही. भागतं, म्हणूनच पाऊल पुढे पडत नाही.

भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली शिकणाऱ्याच्या मधल्या भाषेबद्दल लिहिलं. शिकणाऱ्याची स्वतःची एक भाषा तयार होते, तिचे काही भाग तिथेच थिजतात आणि पुढे कितीही सराव केला तरी हलत नाहीत, हे त्यांचं निरीक्षण. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल जे मांडलं, ते तुमच्या स्थितीच्या आणखी जवळचं आहे. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांचं आकलन फ्रेंच मुलांच्या जवळ पोचलं, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहिली. नुसतं ऐकत राहून नेमकेपणा येत नाही, कारण ऐकताना अर्थ कळला की मन शब्दाकडे बघत नाही. स्वतः लिहायची, बोलायची वेळ आली आणि शब्द अडला, की तेव्हाच आपल्याकडे काय नाही ते दिसतं.

तुमच्या बाबतीत हिंदीची जवळीकही आड येते. तमिळ बोलणारा माणूस मराठी शिकताना प्रत्येक शब्दापाशी थांबतो. तुम्हाला थांबावं लागलं नाही. वाक्याची घडण सारखी, निम्मे शब्द ओळखीचे. त्यामुळे तुम्ही लवकर बोलू लागलात आणि जिथे हिंदीचा एक शब्द मराठीत तीन-चार शब्दांत विभागला जातो, त्या जागा नजरेतून निसटल्या. पुढचं सगळं काम त्या जागा शोधण्याचं आहे.

सुरुवात स्वतःच्या लिखाणापासून करा. गेल्या दोन महिन्यांतले पाहणीचे अहवाल, मोबाइलवरचे लांब निरोप, असं दहा-बारा पानं भरेल इतकं काढा. त्यातलं प्रत्येक क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करा. व्याकरण बघू नका, चुका शोधू नका. कोणतं क्रियापद सारखं येतं आणि ते कोणकोणत्या नामांसोबत येतं, एवढंच टिपा. दोन संध्याकाळींत यादी होईल. त्यातली पाच-सहा क्रियापदं निवडा. वर्षभराला तेवढी पुरतात.

आता एक शब्द नीट फोडून दाखवतो. शेतीकर्जाच्या कामात जो सारखा लागतो तोच घेऊ: सुकणे.

हिंदीत कुआँ सूख गया, कपड़े सूख गए, फसल सूख गई, गला सूख गया. सगळीकडे एकच क्रियापद. तुमच्या अहवालात म्हणून विहीर सुकली, पीक सुकलं, नदी सुकली असं येत असणार. मराठीत विहीर आटते. विहिरीचं पाणीही आटतं. दूध द्यायची थांबलेली म्हैसही आटते, आणि बासुंदीसाठी दूध आटवतात. या सगळ्यात साठा हळूहळू कमी होत जाणं आहे. नदी आटते किंवा कोरडी पडते. कोरडी पडली म्हणजे पात्रात आता पाणीच नाही. घसा कोरडा पडतो, तोंडही कोरडं पडतं, पण ओठ सुकतात. माणसाचं तोंड सुकलं म्हटलं की त्यात तहानेपेक्षा काळजी किंवा आजारपण जास्त दिसतं. मिरच्या वाळवतात, पापड वाळवतात, त्याला वाळवण म्हणतात. कपडे मात्र वाळतातही आणि सुकतातही. तो फरक घरोघरच्या सवयीचा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पिकाकडे आलो की फरक पैशांत मोजावा लागतो. दुपारच्या उन्हात पान कोमेजलं, तर संध्याकाळी ते पुन्हा उभं राहू शकतं. पावसाने ओढ दिली आणि पिकांनी माना टाकल्या, असं शेतकरी म्हणतो तेव्हा पीक संकटात आहे, पण अजून हातचं गेलेलं नाही. आठवड्यात पाऊस आला तर सावरेल. पीक सुकू लागलं हे त्याच्याच आसपासचं, थोडं कमी चित्रमय. करपलं म्हणजे पान भाजल्यासारखं झालं, उन्हाने किंवा रोगाने. केळीवरच्या सिगाटोका रोगाला करपा म्हणतात तो यावरूनच. आणि वाळलं म्हणजे संपलं. आता तुमच्या अहवालात "कपाशी सुकली आहे" एवढंच लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्याला कळणार नाही की हप्ता पुढे ढकलायचा आहे की नुकसान धरायचं आहे. शेतकऱ्याने मात्र तुम्हाला ते शब्दानेच सांगितलेलं असतं. "माना टाकल्यात साहेब" हे त्याचं वाक्य तुम्ही डोक्यात हिंदीतून फिरवता आणि कागदावर "सुकली" उतरवता. त्या फिरवण्यात माहिती गळते.

अशी फोड करायला साहित्य कुठून आणायचं? माझा क्रम ठरलेला आहे. पहिली माणसं, मग छापील मजकूर, शेवटी कोश.

माणसांना विचारण्याची रीत महत्त्वाची. "विहीर सुकली, हे बरोबर आहे का?" असं विचारलंत तर दहापैकी नऊ जण "चालतं की" म्हणतील. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना अर्थ कळला, म्हणून ते होकार देतात. शिवाय साहेबांच्या भाषेत चूक काढणं आपल्याकडे कुणाला आवडत नाही. म्हणून शब्द तुमच्याकडून जाऊच देऊ नका. "यंदा एप्रिलात तुमच्या विहिरीचं काय झालं?" असं विचारा आणि गप्प बसा. उत्तरात जे क्रियापद येईल ते तुमचं. लिहून विचारायचं असेल तर गाळलेली जागा ठेवा: "उन्हाळ्यात विहीर ____ आणि केळीला पाणी कमी पडलं." तीन जणांना वेगवेगळं विचारा, एकमेकांचं ऐकू देऊ नका. तिघांनी एकच शब्द दिला तर तो पक्का. दोन शब्द आले तर दोन्ही लिहा, आणि कोणता कुणी दिला तेही लिहा. वयस्कर शेतकरी, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि बँकेतला रोखपाल यांच्या उत्तरांत फरक असेल, तर तो फरकही तुमच्या उपयोगाचा आहे.

छापील मजकूर शोधायला इंटरनेटवर पूर्ण शब्दजोडी अवतरणचिन्हांत घालून शोधा, जसं "विहीर आटली" आणि मग "विहीर सुकली". किती निकाल मिळाले तो आकडा बघू नका, तो अंदाजे असतो आणि फसवतो. पहिले पंधरा-वीस निकाल उघडून वाचा. कोणत्या संदर्भात, कोण लिहितोय, आजूबाजूला कोणते शब्द आहेत ते बघा. इथे एक धोका आहे. वृत्तवाहिन्यांच्या आणि जाहिरातींच्या मराठीत हिंदीवरून घाईने उतरवलेली वाक्यं खूप असतात. "त्याची मदत केली" हे तिथे सर्रास सापडेल. मराठीत कुणाला तरी मदत करतात, कुणाची करत नाहीत. म्हणून बातमीपेक्षा शेतीविषयक लेख, अग्रलेख, आठवणी, कथा अशा संथपणे लिहिलेल्या मजकुरावर भिस्त ठेवा.

कोशांत दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सर्वांत कामाचा. तो १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडांनी निघाला आणि आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. त्यात एका क्रियापदाखाली त्याचे अर्थ, वापर, वाक्प्रचार सापडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, दुसरी आवृत्ती १८५७ची. जवळच्या शब्दांतले बारकावे तो फार छान सांगतो. पण दोन्ही कोश जुने आहेत. कोशात सापडलेला, पण तिघांपैकी एकाच्याही तोंडी न आलेला शब्द वहीत ठेवा, अहवालात वापरू नका. अडकलेले विद्यार्थी इथे हमखास घसरतात: साधा शब्द सोडून कोशातला भारदस्त शब्द उचलतात आणि नेमकं लिहिलं असं समजतात. भारदस्त शब्द आणि नेमका शब्द यांत फार अंतर आहे.

फोड केलेलं हाताला बसण्यासाठी पुनर्लेखनाचा व्यायाम करायचा. हाच सगळ्या पद्धतीचा कणा आहे, म्हणून तो सावकाश सांगतो.

शंभर-सव्वाशे शब्दांचा एक परिच्छेद तुम्ही लिहायचा, नेहमीच्या कामातला. तो एका मराठीभाषक सहकाऱ्याला द्यायचा. त्याला चुका दुरुस्त करायला सांगायचं नाही. "हीच गोष्ट तुम्ही लिहिली असती तर कशी लिहिली असती, ती पूर्ण पुन्हा लिहून द्या," असं सांगायचं. दुरुस्ती मागितली की माणूस व्याकरणाच्या चुकांवर लाल खुणा करतो आणि बाकीचं तसंच ठेवतो. पुन्हा लिहायला सांगितलं की त्याचे स्वतःचे शब्द बाहेर येतात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

रावेर-यावल पट्ट्यात उन्हाळ्याच्या शेवटी वादळाने केळीच्या बागा पडतात, ते तुमच्या रोजच्या कामातलं. समजा तुम्ही असं लिहिलं:

"काल संध्याकाळी खूप जोरात हवा चालली आणि पाऊस पण झाला. शेतकऱ्याचे दोन एकरमधले केळीचे झाडे पडून गेली. घड तयार झाले होते, फक्त तोडायचे बाकी होते. त्याने खूप मेहनत करून बाग लावली होती. बँकेने त्याची मदत करायला पाहिजे."

आणि सहकाऱ्याने असं लिहून दिलं:

"काल संध्याकाळी वादळी वारा सुटला, पाऊसही झाला. शेतकऱ्याची दोन एकर केळी आडवी झाली. घड काढणीला आले होते. मोठ्या कष्टाने त्याने बाग उभी केली होती. बँकेने त्याला मदत करायला हवी."

आता फरकांचे तीन गट करायचे. पहिला, सरळ चूक. "केळीचे झाडे" नव्हे, "केळीची झाडे". "त्याची मदत" नव्हे, "त्याला मदत". हे तुम्हाला माहीत असतं, घाईत सुटतं. दुसरा, सहकाऱ्याची आवड. "पाहिजे" आणि "हवी" यांत तुमचं वाईट नव्हतं, सोडून द्या. "मेहनत" आणि "कष्ट" हेही जवळपास त्यातलंच, फक्त मराठीत मेहनत करतात तशी घेतातही: "त्याने खूप मेहनत घेतली." तिसरा गट मधला: चूक नाही, पण असं म्हणत नाहीत. तुमची सगळी प्रगती या गटात आहे.

इथे मधल्या गटात काय काय आलं? "हवा चालली" हे पहिलं. मराठीत हवा म्हणजे श्वास घेतो ती, किंवा एखाद्या ठिकाणचं हवामान, "महाबळेश्वरची हवा". हलतो, झाडं पाडतो तो वारा. आणि तो चालत नाही, सुटतो. सुटला म्हणजे सुरू झाला. वाहतो हे संथ, सतत वाहण्याला. आता पाऊस पडतो म्हणून वाराही पडतो असं धरून चाललात तर उलटा अर्थ होईल: वारा पडला म्हणजे वारा थांबला. अंदाजाने नियम पुढे ढकलू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

"पडून गेली" हे दुसरं. सहकाऱ्याने "आडवी झाली" लिहिलं, आणि बागेत उभा राहून शेतकरीही तेच म्हणतो. बातमीत "भुईसपाट" येतं. "जमीनदोस्त" मुळात इमारतीला शोभतं, पण वर्तमानपत्रं तेही बागेला लावतात. तुमच्या कामासाठी मात्र यापेक्षा बारीक फरक लागतो. केळ मुळासकट उपटली जाऊन कोसळली तर ती उन्मळून पडली. खोड मधेच तुटलं तर मोडली. नुसती एका बाजूला गेली असेल तर कलली. घड कोवळा असलेली कललेली केळ टेकू देऊन वाचवता येते, मोडलेली नाही. म्हणजे पंचनाम्यात "दोन एकर केळी आडवी झाली" याच्यापुढे किती मोडल्या, किती उन्मळल्या, किती कलल्या हे लिहिलंत तर ते फक्त चांगलं मराठी राहत नाही, अचूक पाहणी होते.

"तोडायचे बाकी" हे तिसरं, आणि या एका क्रियापदासाठी महिना द्यावा असं मी म्हणेन. हिंदीतलं तोड़ना आणि काटना धरून तुम्ही सगळी पिकं काढता. मराठीत प्रत्येक पिकाला त्याच्या हालचालीप्रमाणे क्रियापद आहे. कापूस वेचतात. कपाशी मात्र वेचत नाहीत, कारण कपाशी हे झाड आणि कापूस हा माल. ऊस तोडतात. भुईमूग उपटतात. कांदा काढतात. मेथी-कोथिंबीर खुडतात किंवा उपटतात, जशी हवी तशी. गहू कापतात, काही गावांत सोंगतात. आंबे उतरवतात. आणि यातलं कुठलंच आठवलं नाही तर काढणी हा शब्द सगळ्या पिकांना चालतो, कृषी खातं तोच वापरतं. केळीला "काढणीला आले" लिहिलं की अहवाल निर्दोष होतो. पण बांधावर शेतकऱ्याशी बोलताना "कापूस वेचून झाला का?" असं तुमच्या तोंडून सहज आलं, की बोलणं वेगळ्या वळणावर जातं.

दोन दिवस गेल्यावर व्यायामाचा दुसरा भाग. सहकाऱ्याचा कागद न बघता, फक्त पाच-सहा खुणेचे शब्द समोर ठेवून (वारा, केळी, घड, बाग, मदत) तीच नोंद पुन्हा लिहा. मग त्याच्या कागदाशी ताडून बघा. जिथे पुन्हा जुनाच शब्द आला, ती जागा थिजलेली आहे असं समजा. तिच्यावर खूण करा. पहिल्या फेरीत "हवा चालली" पुन्हा येईलच. ते ठीक आहे. दोन दिवसांचं अंतर महत्त्वाचं आहे, कारण लगेच लिहिलं तर स्मरणाने जमतं आणि सवय कळत नाही.

आठवड्याला अशी एक नोंद पुरे. एका नोंदीतून तीनच गोष्टी वहीत घ्या. जास्त घेतल्या तर सगळ्या पुसट होतात. वहीत शब्द आणि अर्थ असं लिहू नका. गाळलेल्या जागेचं वाक्य पुढे आणि शब्द मागे, अशा चिठ्ठ्या करा. "धरणगावच्या रस्त्यावर वाहनाचा ____ लागला आणि खांद्याला मुका मार बसला." "मुलाच्या अपघाताची बातमी ऐकून त्यांना ____ बसला." दोन्हीकडे धक्काच, पण अंगाला लागतो आणि मनाला बसतो. हा फरक अर्थ पाठ करून येत नाही, वाक्याच्या ओढीनेच येतो. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग दीड महिन्याने काढा. अडलात तर पुन्हा पहिल्यापासून.

हिंदी-मराठीत सारखे दिसणारे पण वेगळे असणारे शब्द तुम्ही बहुतेक पार केले असतील. शिक्षा, संशोधन, चेष्टा यांत आता तुम्ही फसणार नाही. त्यापुढचे, जिथे अर्थ तोच वाटतो पण कल वेगळा असतो, ते अजून तपासा. मराठीत मुलीच्या यशाचा अभिमान वाटतो. गर्व हा शब्द मराठीत बहुतांश वाईट, "त्याला पैशाचा गर्व झालाय." हिंदीत बरोबर उलटा कल आहे, तिथे गर्व चांगला आणि अभिमान अहंकाराकडे झुकणारा. निरोपसमारंभाच्या भाषणात "आम्हाला तुमचा गर्व आहे" म्हटलंत तर कुणी काही बोलणार नाही, पण जुन्या कानांना टोचेल. तसंच मरणाचं. माणूस वारतो, जातो, भाषणात त्याचं निधन होतं. विजेच्या धक्क्याने बैल मेला असेल तर पंचनाम्यात "दगावला" लिहितात. घरातल्या माणसासारख्या बैलाबद्दल शेतकऱ्यासमोर बोलताना "मेला" पेक्षा "गेला" बरं.

खानदेशात राहून हे शिकणाऱ्याला एक प्रश्न पडतोच: कुणाची मराठी प्रमाण धरायची? धुळे-नंदुरबारकडे आणि जळगावच्या पश्चिमेला अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली, आणि बऱ्हाणपूरच्या लगतीमुळे बाजारात हिंदीचं येणं-जाणं. म्हणून तुमच्या तोंडचं हिंदी वळणाचं वाक्य कधीकधी गावातला माणूसही बोलतो. तुम्हाला वाटतं, हे बरोबरच असणार. बाजारातल्या बोलण्यात ते बरोबर आहेही. पण तोच माणूस ग्रामसभेचा ठराव लिहायला बसला की वेगळं लिहितो. त्यामुळे अहवालासाठी दाखला घ्यायचा तो लिहिलेल्या मराठीतून, आणि ज्याची लेखणी रोज चालते त्याच्याकडून: ग्रामसेवक, शाळेतले मराठीचे सर, वार्ताहर.

बोलीचे शब्द मात्र दूर ठेवू नका. ते ऐकण्यासाठी हवेत, आणि पिकांच्या बाबतीत कधीकधी तेच सर्वांत नेमके असतात. केळीचा घड बाहेर पडला, याला इथे केळी निसवली म्हणतात, आणि एवढं अचूक सांगणारा दुसरा छोटा शब्द प्रमाण मराठीतही नाही. तो अहवालात खुशाल लिहा. पण अहिराणीतली क्रियापदांची रूपं किंवा सर्वनामं साहेबांच्या मराठीत मधेच टाकू नका. आपुलकी दाखवायला म्हणून केलेलं ते ऐकणाऱ्याला नक्कल वाटतं. पूर्ण वाक्य अहिराणीत येऊ लागलं की बोला, अर्ध्यात मिसळू नका.

प्रगती होते आहे की नाही, हे कसं ओळखायचं? शब्द अडखळण्याच्या जागा बदलतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमचं बोलणं थोडं मंदावेल, कारण "विहीर..." म्हटल्यावर तुम्ही क्षणभर थांबाल. ती चांगली खूण आहे, जुनी सवय सैल होते आहे. पुढे सहकाऱ्याने पुन्हा लिहून दिलेल्या कागदात मधला गट लहान होत जातो आणि आवडीचा गट मोठा होतो. म्हणजे त्याला आता तुमच्या शब्दांत बदलण्यासारखं फारसं सापडत नाही, तो फक्त स्वतःच्या सवयीने बदलतो. तिसरी खूण उशिरा येते: दुसऱ्याच्या वाक्यातला सैल शब्द तुमच्या कानाला खटकू लागतो. सहा महिन्यांनी मधला गट तसाच राहिला असेल, तर बहुधा पुनर्लेखनाचा दोन दिवसांनंतरचा भाग गाळला गेलेला असतो. कंटाळवाणा असल्यामुळे सगळे तोच गाळतात.

काही गोष्टी या रस्त्याने येत नाहीत, हेही सांगायला हवं. घळाघळा, टचकन, भसकन, चिडीचूप असे शब्द मराठी माणसाला लहानपणापासून अंगाशी लागलेले असतात. अश्रू घळाघळा वाहतात, डोळ्यांत पाणी टचकन येतं, हे शिकता येईल, पण योग्य क्षणी ते आपोआप उमटणं प्रौढ वयात फार थोड्यांना साधतं. ते नाही आले तरी अहवालाचं, बैठकीचं, शेतकऱ्याशी बोलण्याचं काही अडत नाही. चुकीच्या जागी आले तर मात्र लगेच लक्षात येतं. म्हणून ते ओळखा, समजून घ्या, वापरायची घाई करू नका.

या महिन्यात "सुकणे" पुरं करा. पुढच्या महिन्यात "तोडणे" घ्या, म्हणजे पिकांची यादी बांधावरच भरत जाईल. त्यानंतर "लागणे" घ्या. हिंदीच्या लगना मुळे तुम्ही थंडी लागते म्हणत असणार. तिथून फोड सुरू करा: थंडी वाजते, भूक लागते, भीती वाटते, कंटाळा येतो, आनंद होतो. आणि झोपेपाशी विशेष थांबा. झोप येते म्हणजे डोळे जड झाले, झोप लागते म्हणजे माणूस झोपलाच. पहिल्या नोंदीसाठी परवाच्या पाहणीचाच कागद घ्या, आणि सहकाऱ्याला त्यावर लाल पेन वापरू देऊ नका.